बॅटरी किती तास पुरेल: अंदाजाच्या पद्धतींचा आढावा

प्रश्न आणि त्याची पार्श्वभूमी

बॅटरीवर चालणारे उपकरण किती वेळ चालेल, याचे उत्तर वरवर पाहता एका भागाकारात मिळते. बॅटरीत साठलेली ऊर्जा वॉट-तासांत घ्यावी, उपकरणाला लागणारी सरासरी शक्ती वॉटमध्ये घ्यावी आणि पहिलीला दुसरीने भागावे. या भागाकाराबद्दल मतभेद नाहीत. मतभेद आहेत ते त्यात घालायच्या आकड्यांबद्दल: अंशस्थानी बॅटरीवर छापलेली क्षमता घ्यावी की खरोखर हाती येणारी, छेदस्थानी उपकरणावर लिहिलेले वॉट घ्यावेत की मोजलेले, आणि मधल्या रूपांतरणात जाणारी वीज कोठे व किती धरावी.

रत्नागिरी जिल्ह्यात हा प्रश्न नेहमीचाच आहे. पावसाळ्यात तारांवर झाडे पडतात आणि वीज तासन्‌तास जाते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ शेजारच्या रायगड किनाऱ्यावर धडकले, तेव्हा मंडणगड आणि दापोली तालुक्यांत विजेचे खांब मोठ्या संख्येने आडवे झाले. कित्येक गावांत पुरवठा सुरळीत व्हायला काही आठवडे लागले. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ याच किनाऱ्यालगत उत्तरेकडे गेले. एरवी इन्व्हर्टर दोन-चार तासांच्या खंडासाठी घेतलेला असतो. अशा वेळी तोच दिवसांच्या हिशेबात पुरवावा लागतो, आणि अंदाजाच्या निरनिराळ्या पद्धती किती निरनिराळी उत्तरे देतात हे तेव्हा समोर येते.

या पद्धतींची तुलना करण्यासाठी एकच उदाहरण घेतले आहे: १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तास क्षमतेची ट्यूब्युलर लेड-ॲसिड बॅटरी, साधा घरगुती इन्व्हर्टर आणि त्यावर ७५ वॉटचे दोन छताचे पंखे. कोकणातल्या घरांत या मापाची जोडणी सर्रास दिसते.

पहिली पद्धत: छापील आकड्यांचा भागाकार

सर्वांत साधी पद्धत छापील आकडे जसेच्या तसे घेते. १२ व्होल्टला १५० अँपिअर-तासांनी गुणले की १८०० वॉट-तास मिळतात. त्यांना दोन पंख्यांच्या १५० वॉटने भागले की उत्तर येते १२ तास. दुकानात बॅकअपचा आकडा बहुतेक वेळा याच हिशेबाने सांगितला जातो.

या पद्धतीच्या बाजूने सांगण्यासारखे बरेच आहे. तिला कोणतेही मोजमाप लागत नाही, दोन बॅटऱ्यांची तुलना पटकन करता येते आणि उत्तराची कमाल मर्यादा कळते. अँपिअर-तासांचे वॉट-तास करण्याची सवयही याच पद्धतीने लागते, आणि ती उपयोगाची आहे. पॉवर बँकेवर १०,००० मिलिअँपिअर-तास लिहिलेले असतात, पण तो आकडा आतल्या लिथियम सेलच्या ३.७ व्होल्टवरचा असतो. म्हणजे ऊर्जा झाली ३७ वॉट-तास. बाहेर ५ व्होल्टवर देताना शेकडा १५ वीज रूपांतरणात गेली असे धरले, तर सुमारे ६,३०० मिलिअँपिअर-तास उरतात. ५,००० मिलिअँपिअर-तासांचा मोबाइल अशा बँकेवर दोनदा पूर्ण भरत नाही, याचे कारण एवढेच.

पद्धतीची अडचण अशी की तिच्यातल्या सगळ्या चुका एकाच दिशेने जातात. खरी वेळ हिशेबापेक्षा कमीच भरते. ती किती कमी भरते, हे पुढच्या पद्धती सांगतात.

सरासरी वापर कसा धरावा

छेदस्थानचा आकडा ठरवताना तीन गोष्टींची गल्लत होते. पहिली म्हणजे इन्व्हर्टरवरचा आकडा. ८५० व्हीए हे त्याच्या पेलण्याच्या ताकदीचे माप आहे. त्याच्यावर एका वेळी किती भार टाकता येईल ते त्यावरून समजते, पण बॅटरी किती वेळात संपेल ते समजत नाही. बॅटरी रिकामी होते ती उपकरणे प्रत्यक्ष ओढतात त्या वॉटने.

दुसरी गोष्ट उपकरणावरच्या पाटीची. तेथे बहुधा कमाल शक्ती लिहिलेली असते. पंखा पाचऐवजी तीनवर फिरत असेल तर तो कमी ओढतो. जुना रोधक रेग्युलेटर असेल तर वाचलेल्या विजेचा काही भाग रेग्युलेटरच तापवून घालवतो. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरमध्ये हा तोटा फारच कमी असतो.

तिसरी गोष्ट चालू-बंद होणाऱ्या उपकरणांची, आणि फ्रिज हे तिचे चांगले उदाहरण. त्याच्या स्टार लेबलवर वर्षाचे युनिट दिलेले असतात. १८० युनिट म्हणजे १,८०,००० वॉट-तास. वर्षाच्या ८,७६० तासांनी भागले की सरासरी निघते जेमतेम २०.५ वॉट. पण कॉम्प्रेसर चालू असताना तोच फ्रिज शंभराच्या आसपास वॉट घेतो आणि सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या कित्येक पट. म्हणून बॅटरी किती वेळ पुरेल हे काढताना सरासरी आकडा घ्यायचा आणि इन्व्हर्टर निवडताना सुरुवातीचा झटका पाहायचा. शिवाय ही सरासरी बऱ्याच चक्रांवरची असते. अर्ध्या तासासाठी तिचा भरवसा धरता येत नाही, रात्रभरासाठी धरता येतो.

रूपांतरणातला तोटा

दुसरी पद्धत भागाकारात कार्यक्षमतेचा गुणक घालते. इन्व्हर्टर बॅटरीचा एकदिश प्रवाह घेऊन २३० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह देतो, आणि या बदलात काही वीज उष्णता होऊन जाते. प्रचलित सल्ला असा की सरसकट शेकडा ८० किंवा ८५ धरावेत. उदाहरणातले १२ तास ८० टक्क्यांनी ९.६ वर येतात.

या सरसकट गुणकावर आक्षेप असा की तोटा दोन प्रकारचा असतो. एक भाग भाराबरोबर वाढतो. दुसरा भाग इन्व्हर्टर नुसता चालू असल्याचा असतो. त्याचे नियंत्रक सर्किट, ट्रान्सफॉर्मर आणि पंखा भार नसतानाही वीज घेत राहतात. घरगुती इन्व्हर्टरमध्ये हा स्थिर वापर १० ते २० वॉट असू शकतो. येथे तो १२ वॉट आणि चढत्या भागाची कार्यक्षमता शेकडा ८५ धरू. १५० वॉटच्या भाराला बॅटरीतून १५० भागिले ०.८५, म्हणजे १७६.५, अधिक १२ असे १८८.५ वॉट लागतात. एकूण कार्यक्षमता ८० टक्क्यांच्या जवळच येते. म्हणजे मोठ्या भारावर सरसकट गुणक चालून जातो.

छोट्या भारावर तो चालत नाही. वादळानंतरच्या रात्री घरात फक्त दोन एलईडी दिवे, म्हणजे २० वॉट, लावले असे समजा. छापील हिशेबाने बॅटरी ९० तास पुरायला हवी, ८० टक्के धरले तर ७२ तास. प्रत्यक्षात बॅटरीतून २३.५ अधिक १२, म्हणजे ३५.५ वॉट जातात आणि वेळ येते सुमारे ५० तास. येथे कार्यक्षमता ५६ टक्क्यांवर उतरलेली असते.

वीज कित्येक दिवस येणार नसेल तर यातून एक व्यवहारी निष्कर्ष निघतो. दिवे रोज चार तासच लावायचे आहेत असे धरू. त्या चार तासांत बॅटरीतून १४२ वॉट-तास जातात. उरलेले वीस तास इन्व्हर्टर चालूच ठेवला तर त्याचा स्थिर वापरच २४० वॉट-तास होतो, म्हणजे दिव्यांपेक्षा जास्त. चालू ठेवला तर १८०० वॉट-तास पावणेपाच दिवस पुरतात. दिवे मालवताच इन्व्हर्टरही त्याच्या बटणाने बंद केला तर तीच बॅटरी साडेबारा रात्री पुरते. काही इन्व्हर्टर भार नसताना आपोआप कमी वापराच्या अवस्थेत जातात, त्यामुळे हा फरक यंत्रागणिक बदलेल. आपल्या इन्व्हर्टरचा स्थिर वापर किती, हे सगळा भार काढून बॅटरीच्या वायरवर एकदिश प्रवाह मोजणारा क्लॅम्पमीटर लावला की कळते. १२ व्होल्टवर १ अँपिअर दिसला तर तो वापर १२ वॉट आहे.

रूपांतरणाच्या हिशेबात एक तोटा काही वेळा चुकून दोनदा धरला जातो. बॅटरी भरताना जितकी वीज घालावी लागते तितकी परत मिळत नाही. लेड-ॲसिड बॅटरीत ही जाण्यायेण्याची कार्यक्षमता शेकडा ७० ते ८० च्या घरात असते. विजेचे बिल काढताना किंवा सौर पॅनेलचे माप ठरवताना हा आकडा लागतो. पण भरलेली बॅटरी किती वेळ चालेल याच्या हिशेबात भरतानाचा तोटा येत नाही, कारण छापील क्षमता म्हणजे बाहेर काढता येणारी क्षमता असते.

प्रवाह वाढला की क्षमता घटते

तिसऱ्या पद्धतीचा भर अंशस्थानच्या आकड्यावर आहे. बॅटरीवरच्या १५० अँपिअर-तासांपुढे ‘सी-२०’ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ, २७ अंश सेल्सिअसला, ७.५ अँपिअर प्रवाह २० तास काढला की १२ व्होल्टच्या बॅटरीचा दाब १०.५ व्होल्टवर येतो. यापेक्षा जोरात वीज काढली तर हाती येणारे अँपिअर-तास कमी होतात. आम्लाला प्लेटांच्या छिद्रांत आतवर झिरपायला वेळ लागतो. तेवढा वेळ मिळाला नाही की आतला सक्रिय पदार्थ वापरलाच जात नाही आणि दाब लवकर उतरतो.

लेड-ॲसिड बॅटरी गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये बनवली. या घटीचे साधे सूत्र विल्हेल्म पॉयकर्ट यांनी १८९७ मध्ये मांडले. सूत्र असे: प्रवाह ठरावीक घातांकाला चढवून त्याला वेळेने गुणले की गुणाकार स्थिर राहतो. आदर्श बॅटरीचा घातांक १ असतो. लेड-ॲसिडमध्ये तो साधारण १.१ ते १.३ च्या दरम्यान येतो. उदाहरणातल्या बॅटरीसाठी १.२ धरला, तर १८८.५ वॉटसाठी लागणाऱ्या १५.७ अँपिअर प्रवाहावर वेळ ८.२ तास येते. १५० पैकी सुमारे १३० अँपिअर-तासच हाती लागतात. त्यामुळेच ‘सी-१०’ लिहिलेली १५० ची बॅटरी आणि ‘सी-२०’ लिहिलेली १५० ची बॅटरी सारख्या नसतात. पहिली तेवढेच अँपिअर-तास निम्म्या वेळात देते, म्हणजे ती मोठी असते.

भार कमी करण्याचा फायदा दुहेरी का होतो, तेही या पद्धतीने स्पष्ट होते. ७५ वॉटच्या दोन पंख्यांऐवजी ३० वॉटचे दोन बीएलडीसी पंखे लावले तर भार १५० वरून ६० वर येतो, म्हणजे अडीच पट घटतो. बॅटरीतला प्रवाह ६.९ अँपिअर होतो, म्हणजे ‘सी-२०’ च्या पातळीखाली जातो, आणि पूर्ण क्षमता हाती येते. वेळ ८.२ वरून सुमारे २२ तासांवर जाते, म्हणजे अडीच पटीहून जास्त वाढते. इन्व्हर्टरचा स्थिर वापर नसता तर ही वाढ आणखी मोठी दिसली असती.

या सूत्रावरचा मुख्य आक्षेप त्याच्या गृहीतकांवर आहे. सूत्र स्थिर प्रवाह आणि स्थिर तापमान धरून चालते. डेनिस डॉरफेल आणि सुलेमान अबू-शार्ख यांनी २००६ मधल्या चिकित्सेत दाखवले की प्रवाह बदलत असेल तर उरलेल्या क्षमतेचा अंदाज या सूत्राने नीट काढता येत नाही. जोरात वीज काढल्याने ‘गेलेली’ क्षमता खरे तर नाहीशी झालेली नसते. भार कमी केला किंवा बॅटरीला थोडी विश्रांती दिली की आम्ल आत झिरपते आणि तिचा बराच भाग परत मिळतो. मॅनवेल आणि मॅकगवन यांनी १९९३ मध्ये मांडलेले प्रारूप याच निरीक्षणावर उभे आहे. त्यात बॅटरी म्हणजे बारीक नळीने जोडलेल्या दोन टाक्या मानल्या आहेत. पाणी पुढच्या टाकीतून काढले जाते आणि मागच्या टाकीतून हळूहळू पुढे येते. वापर जोरात झाला तर पुढची टाकी रिकामी होते, पण मागची भरलेलीच राहते. संध्याकाळी मिक्सर किंवा पंप चालवून पुढे रात्रभर फक्त दिवे जळणार असतील, तर पॉयकर्टचे सूत्र खऱ्यापेक्षा कमी वेळ सांगते आणि दोन टाक्यांचे प्रारूप जास्त जवळ जाते. मात्र त्यातले गुणांक मिळवायला बॅटरी प्रयोगशाळेत तपासावी लागते. सूत्र उलट्या बाजूलाही चुकते: फारच कमी प्रवाहावर ते छापील क्षमतेहून कितीतरी जास्त क्षमता दाखवते. म्हणून २० वॉटच्या उदाहरणात वर १५० अँपिअर-तासच धरले आहेत.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत हा वाद बराच सौम्य होतो. तिचा घातांक १ च्या अगदी जवळ असतो आणि दाब जवळजवळ शेवटपर्यंत सपाट राहतो. त्यामुळे तिच्यासाठी वॉट-तासांचा साधा भागाकार, तोटा धरल्यानंतर, बऱ्यापैकी खरा ठरतो.

मोजून ठरवण्याची पद्धत

चौथी पद्धत सूत्रांऐवजी प्रयोगावर भरवसा ठेवते. बॅटरी पूर्ण भरावी, ठरावीक भार लावावा आणि इन्व्हर्टरची लो-बॅटरीची शिटी वाजेपर्यंतचा वेळ मोजावा. १५० वॉटवर सहा तास मिळाले तर ९०० वॉट-तास हाती आले, म्हणजे छापील १८०० च्या निम्मे. हा ०.५ त्या घराचा गुणक झाला. त्यात इन्व्हर्टरचा तोटा, प्रवाहाचा परिणाम आणि बॅटरीचे वय हे सगळे एकत्र आलेले असते. हेच त्याचे बळ आणि हीच त्याची मर्यादा. १५० वॉटच्या आसपास तो उपयोगी पडतो, पण २० वॉटवर दिशाभूल करतो. शिवाय प्रत्येक पूर्ण चाचणीत बॅटरी खोलवर रिकामी होते, त्यामुळे ती वर्षाकाठी एखाद-दुसऱ्यांदाच करावी.

अर्धवट रिकाम्या बॅटरीत किती उरले ते पाहण्यासाठी दोन जुनी साधने आहेत. हायड्रोमीटरने आम्लाची घनता मोजता येते. किंवा काही तास भार आणि चार्जर दोन्ही काढून दाब मोजता येतो. विश्रांतीनंतर १२.५ ते १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली बॅटरी, १२.१ ते १२.२ च्या आसपास साधारण निम्मी. भार चालू असताना मोजलेला दाब यासाठी उपयोगी नाही, कारण तो भारामुळेच खाली आलेला असतो. इन्व्हर्टरवरच्या बॅटरीच्या पट्ट्या पंखा लावताच खाली जातात आणि बंद करताच वर येतात, त्या याच कारणाने. बॅटरीच्या वायरीत शंट बसवून आत-बाहेर जाणारे अँपिअर-तास मोजणारे यंत्र जास्त नेमके असते. पण त्यातल्या बारीक चुका साठत जातात, म्हणून अधूनमधून बॅटरी पूर्ण भरून त्याचा शून्यबिंदू नव्याने लावावा लागतो.

किनाऱ्यावरच्या घरांत मोजणी करताना आणखी एक दोष तपासावा लागतो. खाऱ्या दमट हवेने टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर चढतो. समजा त्या जोडात ०.०२ ओहम रोध तयार झाला. १५.७ अँपिअरवर तेथे ०.३ व्होल्ट पडतात. वाया जाणारी शक्ती पाच वॉटच असते, पण इन्व्हर्टरला बॅटरीचा दाब खऱ्यापेक्षा ०.३ व्होल्ट कमी दिसतो आणि बॅटरीत वीज उरलेली असतानाच तो बंद होतो. ओळखण्याची रीत सोपी आहे. भार चालू ठेवून एकदा बॅटरीच्या खांबांवर आणि एकदा इन्व्हर्टरच्या जोडांवर दाब मोजावा. फरक दशांश दोन-तीन व्होल्ट निघाला तर दोष बॅटरीत नसून जोडात किंवा वायरीत आहे.

पद्धती शेजारी ठेवल्या तर

एकाच बॅटरीसाठी आणि त्याच दोन पंख्यांसाठी छापील भागाकार १२ तास सांगतो. इन्व्हर्टरचा तोटा धरला की साडेनऊ, प्रवाहाचा परिणाम धरला की ८.२. बॅटरी काही वर्षांची होऊन तिची क्षमता ८० टक्क्यांवर आली असेल तर ६.३. आणि आयुष्य राखण्यासाठी ती निम्म्यापलीकडे रिकामी करायची नाही असे ठरवले, तर सुमारे तीन तास. यातला प्रत्येक आकडा आपापल्या गृहीतकांवर बरोबर आहे. म्हणून अंदाज सांगताना कोणती गृहीतके धरली तेही सांगितल्याशिवाय दोन आकड्यांची तुलना करता येत नाही.

अनिर्णित राहिलेले मुद्दे

पहिला मुद्दा शेवट कोठे धरायचा याचा. ‘सी-२०’ चे माप १०.५ व्होल्टपर्यंत जाते. तेथपर्यंत बॅटरी वारंवार नेली तर ती लवकर निकामी होते, म्हणून निम्म्यावर थांबण्याचा सल्ला दिला जातो. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की वादळातली एक रात्र ही रोजची गोष्ट नाही आणि बॅटरी अशाच वेळेसाठी असते. दोन्ही बाजूंना आधार आहे. उत्तर ठरते ते वर्षातून किती वेळा अशी वेळ येते यावर.

दुसरा मुद्दा सुरुवातीचा. वरचे सगळे हिशेब भरलेली बॅटरी गृहीत धरतात. पंधरा अँपिअर देणाऱ्या चार्जरला १५० अँपिअर-तासांची रिकामी बॅटरी भरायला दहा-बारा तास लागतात. पावसाळ्यात वीज दोन तास येऊन पुन्हा गेली तर पुढचा खंड अर्धवट भरलेल्या बॅटरीवर सुरू होतो. सतत अशा अर्धवट अवस्थेत राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसते आणि पूर्ण क्षमताही कमी होते. ही घट किती झाली हे सांगणारा कोणताही छापील आकडा नसतो.

तिसरा मुद्दा तापमानाचा. क्षमतेचे माप २७ अंशांवरचे आहे आणि रत्नागिरीचा हिवाळा सौम्य असतो, त्यामुळे थंडीने क्षमता घटण्याची दुरुस्ती येथे फारशी लागत नाही. उष्णतेचा परिणाम मात्र वेळेवर नव्हे, आयुष्यावर होतो. नेहमीचा ठोकताळा असा की तापमान दहा अंशांनी वाढले की लेड-ॲसिड बॅटरीचे आयुष्य सुमारे निम्मे होते. म्हणजे आज बरोबर आलेला अंदाज कोंदट कोपऱ्यातल्या बॅटरीसाठी लवकर जुना होतो.

चौथा मुद्दा माहितीचा आहे. अंदाजासाठी इन्व्हर्टरचा स्थिर वापर आणि बॅटरीची दोन वेगवेगळ्या प्रवाहांवरची क्षमता एवढे तीन आकडे पुरेसे असतात. पेटीवर मात्र बहुधा व्हीए आणि एकच अँपिअर-तास छापलेले असतात. हे तीन आकडे मिळेपर्यंत मोठ्या भारासाठी घरच्या चाचणीतला गुणक, आणि छोट्या भारासाठी स्थिर वापर वेगळा धरून केलेला हिशेब, हीच दोन साधने हाती राहतात.